खुर्च्या 120, नावं 300: व्याख्यानाचा ड्रॉ असा काढा

बेळगावात व्याख्यानमालेला नावाजलेला वक्ता आला की खानापूर, निपाणीपासून नावं येतात, आणि मग ड्रॉ काढावाच लागतो.

समजा खुर्च्या 120 आणि नावं 300. आधी मोबाईल नंबरवरून डबल नावं काढा. नवरा-बायको किंवा दोघी मैत्रिणींना एकत्रच यायचं असेल तर दोघांची मिळून एकच चिठ्ठी करा, कारण दोघांनी वेगवेगळ्या टाकल्या आणि एकाची लागली तरी दोघांना सोडलं तर त्यांचा चान्स बराच वाढतो, आणि एकटा येणारा बिचारा मागे राहतो. शेवटी एकच खुर्ची उरली आणि जोडीची चिठ्ठी निघाली तर काय, हे ड्रॉच्या आधीच सांगून ठेवा. माझं मत, एकाने यावं नाहीतर जोडीने वेटिंगमधे पहिलं थांबावं.

चिठ्ठ्या एकाच मापाच्या, सारख्या घड्यांच्या, आणि पिंपात वरून खालपर्यंत नीट ढवळा. 1969 मधे अमेरिकेत सैन्यभरतीच्या लॉटरीत हे नीट झालं नव्हतं, शेवटी टाकलेल्या डिसेंबरच्या जन्मतारखा जास्त करून लवकर निघाल्या.

आणि 120 खुर्च्या भरल्या म्हणून थांबू नका हो, सगळ्याच चिठ्ठ्या काढा, निघतील त्या क्रमाने लिहा, तीच वेटिंग लिस्ट. कोणी नाही म्हटलं की पुढच्याला फोन, म्हणजे कमिटीतल्या ओळखीच्याला मधेच घुसवायला जागाच राहत नाही. पाहुण्यांच्या खुर्च्या ठेवायच्या असतील तर ड्रॉच्या आधी आकडा बोर्डावर लिहा. बाहेरगावच्यांना बस बघावी लागते, म्हणून कन्फर्म करायची मुदत आदल्या दिवशी दुपारची ठेवा.