स्टॉपिंग पोटेन्शियलचा आलेख: या चुका टाळा

फोटोइलेक्ट्रिक इफेक्टच्या प्रयोगात रीडिंग सहसा बरोबर येतात, घोळ होतो तो आलेखात. सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे रेषा डाव्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा डोळे झाकून वर्क फंक्शन म्हणून लिहून टाकणे.

एका विद्यार्थ्याने 365 नॅनोमीटरला 1.50 व्होल्ट आणि 546 नॅनोमीटरला 0.37 व्होल्ट मोजले होते. वारंवारता अनुक्रमे 8.21 × 10¹⁴ आणि 5.49 × 10¹⁴ हर्ट्झ. मधले बिंदूही छान एका रेषेत. पण कागद वाया जाऊ नये म्हणून त्याने आडवा अक्ष शून्याऐवजी 5 × 10¹⁴ पासून सुरू केला. रेषेने डावी कड गाठली 0.17 व्होल्टला, आणि साहेबांनी लिहिले: वर्क फंक्शन 0.17 इलेक्ट्रॉनव्होल्ट. तसे असते तर त्या धातूतून इन्फ्रारेडनेही इलेक्ट्रॉन निघाले असते! शिवाय छेद शून्याच्या वर आला, तेव्हाच शंका यायला हवी होती. वर्क फंक्शन देणारा छेद नेहमी शून्याखाली असतो.

समीकरण असे आहे:

V₀ = (h/e)ν − φ/e

−φ/e हा छेद ν = 0 ला मिळतो, कागदाच्या कडेला नाही. मी तर छेद वाचतच नाही. आधी चढ काढतो: 1.13 भागिले 2.72 × 10¹⁴, म्हणजे 4.15 × 10⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद. मग 1.50 मधून 4.15 × 10⁻¹⁵ × 8.21 × 10¹⁴, म्हणजे 3.41 वजा करायचे. उरतात −1.91, म्हणून φ = 1.91 इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि V₀ शून्य होतो ती थ्रेशोल्ड वारंवारता 1.91 भागिले चढ, साधारण 4.6 × 10¹⁴ हर्ट्झ. त्याखालचा प्रकाश कितीही प्रखर करा, इलेक्ट्रॉन सुटत नाही. म्हणून रेषेचा तो भाग तुटक काढा, तिथे मोजलेले काही नसते.

चढ म्हणजे h नव्हे, h/e. उत्तर 10⁻¹⁵ च्या घरात आले की घाबरून खाडाखोड करणारे आणि पाठ केलेला 6.63 × 10⁻³⁴ तिथे चिकटवणारे, दोघेही पाहिलेत. 1.6 × 10⁻¹⁹ ने गुणा, 6.64 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद मिळतील.

धातू बदलला तर रेषा समांतर सरकते, चढ तोच राहतो. रेषा समांतर न येता वेगळ्या चढाची आली तर फिल्टरमधून दुसरा रंग गळतोय का ते आधी बघा. आडव्या अक्षावर तरंगलांबी घेऊन रेषा शोधू नका, तिथे वक्रच येणार.

एक मात्र खरे: प्रत्यक्ष नळीत कॅथोड आणि कलेक्टर वेगळ्या धातूंचे असल्याने त्यांच्यातला संपर्क-विभव छेदात मिसळतो. त्यामुळे छेदावरून काढलेला φ नेहमी निव्वळ कॅथोडचा नसतो. चढाला मात्र याने धक्का लागत नाही.