फोनवर ठरलेला रंगकामाचा दर

घराच्या रंगकामाचा दर मी ठेकेदाराशी फोनवर ठरवला होता: चौरस फुटाला 24 रुपये. 1,450 चौरस फुटांचे 34,800 रुपये होतील असे मी धरून चाललो होतो, पण बिल आले 43,500 रुपयांचे, कारण पुट्टीचे 6 रुपये वेगळे आहेत असे त्यांचे म्हणणे होते आणि माझ्या आठवणीत पुट्टी त्याच दरात होती. दोघेही प्रामाणिकपणे बोलत होतो, आणि दाखवायला दोघांकडेही काही नव्हते. तोंडी करार कायद्याने ग्राह्य असतो, पण नेमके काय ठरले हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

पुढच्या कामाच्या वेळी फोन ठेवल्यावर लगेच मी व्हॉट्सॲपवर लिहिले: “नमस्कार. आज फोनवर ठरल्याप्रमाणे दर 26 रुपये चौरस फूट. त्यात दोन हात पुट्टी, एक हात प्रायमर, दोन हात रंग आणि सर्व साहित्य धरले आहे. मापातून दारे-खिडक्या वजा होतील. काही वेगळे ठरले असल्यास कृपया कळवावे, अन्यथा ‘बरोबर’ असे उत्तर द्यावे.”

उत्तर आले, “साहेब, दारे-खिडक्या वजा करत नाही.” हा मुद्दा फोनवर निघालाच नव्हता, मी तो गृहीत धरला होता. त्यामुळे निम्मे माप वजा करण्यावर तडजोड करून मी सुधारित मजकूर पुन्हा पाठवला आणि त्यांचे ‘बरोबर’ आल्यावरच आगाऊ रक्कम दिली. निळ्या खुणांवर मी समाधान मानत नाही, कारण त्यांतून संदेश वाचल्याचे कळते, मान्य केल्याचे नव्हे.