पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही

ग्राहकहो, घरातील जुने कपाट ८,००० रुपयांना विकायची जाहिरात आपण ऑनलाइन दिली, आणि थोड्याच वेळात एका गिऱ्हाइकाने घासाघीस न करता ‘आत्ताच पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, म्हणजे रक्कम खात्यात येईल’ असे सांगितले, तर तेथेच थांबावे. यूपीआय पिन आपल्या खात्यातून पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी टाकावा लागतो. येणारी रक्कम पिन न टाकताही जमा होते. त्यामुळे खरोखर खरेदी करणाऱ्याला आपला मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडी पुरेसा असतो.

कोड स्कॅन झालाच असेल, तरी घाबरू नये, कारण पिन टाकेपर्यंत व्यवहार पूर्ण होत नाही. पडद्यावर ‘Pay’ हा शब्द आणि त्यापुढे रक्कम दिसत असेल, तर ते पैसे आपल्याच खात्यातून जाणार आहेत. अशा वेळी समोरचा कितीही घाई करत असला, तरी मागे येऊन ॲप बंद करावे. पैसे आल्याचा संदेश दाखवला गेल्यास खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी, कारण तसा संदेश कोणीही टाइप करून पाठवू शकतो.

पैसे गेलेच असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी कळले, तर ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर न शोधता पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा.