सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखते? उपचारातल्या या चुका टाळा

गजर बंद करून तुम्ही पलंगावरून उतरता, पाय जमिनीला टेकतो आणि टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ जाते. दहा-वीस पावलं लंगडत चाललं की ती ओसरते. मग दिवसभर फारसं काही जाणवत नाही. पण तासभर बसून उठलं की पुन्हा तीच कळ, आणि संध्याकाळी टाच ठणकत राहते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे वर्णन ऐकलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते प्लांटर फॅसायटिसचं. बरेच जण माझ्याकडे येईपर्यंत दोन-तीन महिने घरी काही ना काही करून थकलेले असतात. उपाय बहुतेक बरोबरच असतात; चुकलेली असते ती वेळ, पद्धत किंवा त्यांच्याकडून ठेवलेली अपेक्षा.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो, तो म्हणजे प्लांटर फॅशिया. पायाची कमान तोलून धरण्याचं मोठं काम त्याच्याकडे असतं. झोपेत पावलं खाली झुकलेली राहतात, त्यामुळे हा पट्टा आणि पोटरी रात्रभर आखडलेल्या अवस्थेत असतात. उठल्यावर पहिल्याच पावलाला सगळं वजन एकदम त्यावर येतं. म्हणून कळ नेमकी तेव्हाच येते, आणि जरा चालल्यावर पट्टा सैलावतो. दुखरी जागा सहसा टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, कमान जिथे सुरू होते तिथे सापडते. अंगठ्याने दाबलं तर बोटभर जागेवर नेमकी कळ उठते.

पहिली चूक: उठून, चालून झाल्यावर व्यायाम करणं

माझ्याकडे ४४ वर्षांच्या एक शिक्षिका आल्या होत्या. डावी टाच दोन महिने दुखत होती. व्यायाम त्या नेमाने करत होत्या, पण संध्याकाळी, आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा. सकाळी मात्र उठल्याबरोबर अनवाणी स्वयंपाकघरात. म्हणजे दिवसातला सगळ्यात वाईट ताण पट्ट्याला रोज तयारीविना बसत होता.

ताणायचं ते पाय जमिनीला टेकवायच्या आधी. पलंगाच्या कडेला बसा आणि दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा. बोटांची फक्त टोकं न धरता मुळापाशी पकड घ्या आणि सगळी बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीत चाचपून पाहा, तिथे ताणलेल्या दोरीसारखा पट्टा लागला पाहिजे. लागत नसेल तर ओढ कमी पडते आहे किंवा घोटा खाली झुकला आहे. दहा अंक मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करायचं, त्यातली पहिली खेप अंथरुणातच. बराच वेळ बसून उठायचं असेल तर त्याआधीही तीन-चार वेळा केलं तर कळ चुकते.

एवढ्या साध्या ताणावर माझा भर आहे, त्याला कारण आहे. बोटं मागे वळली की पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो आणि थेट ताणला जातो. नुसती पोटरी ताणली तर त्याच्यापर्यंत फार थोडा ताण पोचतो. जुनाट टाचदुखी असलेल्यांवर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असा पट्टा ताणणाऱ्यांची पहिल्या पावलाची कळ, नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. पोटरी घट्ट असेल तर तीही ताणा, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून तीस सेकंद. पण पहिल्याच्या बदली नको, जोडीला असू द्या.

बाटली तळव्याखाली फिरवायची अनेकांना आवड असते. बरं वाटतं, म्हणून हरकत नाही. मात्र दुखऱ्या ठिपक्यावरच वजन टाकून रगडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली असेल, तर आदल्या दिवशी जोर जास्त झाला हे नक्की.

दुसरी चूक: ताणत राहणं, पण ताकद न वाढवणं

'आयटिस' म्हणजे सूज, असं नावावरून वाटतं आणि लोक सुजेच्या गोळ्यांवर महिने काढतात. पण शस्त्रक्रियेत काढलेल्या पट्ट्याचे नमुने तपासले तेव्हा सुजेपेक्षा झिजलेले, विस्कळीत झालेले तंतू दिसले. गोळी काही दिवस दुखणं बोथट करते, ते तंतू सुधारत नाही. त्यांना हवा असतो मोजून-मापून दिलेला भार. पूर्ण विश्रांतीने पट्टा आणखी कमकुवत होतो, आणि पुन्हा चालायला लागलं की दुखणं परत येतं.

शिक्षिकांचं मूळ कारण इथेच सापडलं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एकदम रोज सहा किलोमीटर चालायला सुरुवात केली होती. त्याआधी चालणं जवळजवळ नव्हतं. शाळेत पाच-सहा तास उभं राहणं होतंच.

त्यांना मी चालणं बंद करायला सांगितलं नाही. दोन किलोमीटरवर आणलं. तिसऱ्या आठवड्यापासून जिन्याच्या पायरीवर टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू केला. टॉवेलची घट्ट गुंडाळी बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. कठड्याला धरून चवड्यावर उभं राहायचं, टाचा पायरीबाहेर. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, थोडं थांबून असं तीनदा, आणि एक दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, जमू लागलं की दुखऱ्या एका पायावर. तेही सोपं झालं की पाठीवर पुस्तकं भरलेली पिशवी घ्यायची आणि आवर्तनं कमी करायची. याच धर्तीवर डेन्मार्कमध्ये झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम करणारे नुसते ताणणाऱ्यांपेक्षा पुढे होते. वर्षअखेर मात्र दोघांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे हा व्यायाम लवकर बरं वाटण्यासाठी उपयोगी.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी चार-पाचपर्यंतचं दुखणं चालतं, फक्त दुसऱ्या सकाळी ते नेहमीपेक्षा वाढलेलं नसावं. वाढलं तर पुढच्या वेळी आवर्तनं कमी करा.

तिसरी चूक: बाहेर चांगले बूट, घरात अनवाणी

टाचदुखी झाली की लोक महागडे स्पोर्ट्स शूज घेतात, आणि घरात आल्यावर कडक फरशीवर अनवाणी वावरतात. घरातले तास बाहेरच्यापेक्षा जास्त असतात, आणि पहिलं पाऊल तर घरातच पडतं. पलंगाशेजारी टाचेखाली मऊपणा आणि कमानीला आधार असलेली चप्पल ठेवा, आणि काही आठवडे तीच घरात वापरा. अगदी पातळ, सपाट, दुमडता येईल अशी चप्पल उपयोगाची नाही. बूट पाहताना टाचेमागचा उभा भाग हाताने दाबून पाहा, तो चेपता कामा नये. सोल बोटांजवळ वाकला पाहिजे, मध्यभागी नाही. टाच बोटांपेक्षा किंचित उंच असली तर पट्ट्यावरचा ताण कमी होतो. तयार मिळणारं इनसोल बहुतेकांना पुरतं; खास मापाचं लगेच बनवून घ्यायची गरज नसते.

चौथी चूक: एक्स-रे पाहून हादरणं

'हाड वाढलंय' हे ऐकून शिक्षिका रडवेल्या झाल्या होत्या. टाचेवर दिसणारा तो काटा कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही असतो. दुखणं त्यामुळे होतं असं नाही, आणि बरं झाल्यावरही तो तिथेच राहतो. काट्याची भीती बाळगून पाय टेकायचंच टाळलं, तर वर सांगितलेला भार पट्ट्याला मिळणारच नाही.

टाचेत दुखणारं सगळंच प्लांटर फॅसायटिस नसतं, हे मात्र तपासून घ्या. मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर तीव्र दुखत असेल, विशेषतः धावणं अचानक वाढवल्यानंतर, तर हाडाला तडा गेल्याची शंका घ्यायला हवी. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी पाठही अर्धा तासापेक्षा जास्त आखडलेली राहते, असं असेल तर संधिवाताची तपासणी करा. रात्री झोपेतही दुखणं, ताप, किंवा 'फट्' असा आवाज होऊन टाचेखाली निळसर डाग पडणं, यात थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाचवी चूक: दोन आठवड्यांत हार मानणं

सगळ्यात जास्त लोक इथे गळतात. बहुतेक टाचा शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात, पण त्याला महिने लागतात, अनेकांना वर्षाच्या आसपास. रोजची कळ मोजून निराश व्हायला होतं. म्हणून आठवड्यातून एकदा फक्त दोन गोष्टी लिहा: पहिल्या पावलाची कळ दहापैकी किती, आणि लंगडणं थांबायला किती पावलं लागली.

शिक्षिकांची वही अशी होती. सुरुवातीला ७ आणि साधारण तीस पावलं. सहाव्या आठवड्यात ४ आणि दहा. आठव्यात एका दिवशी सपाट चपलेत दिवसभर प्रवास झाला आणि आकडा पुन्हा ६ वर गेला. त्यांना वाटलं, सगळं वाया गेलं. पण चार दिवस आवर्तनं कमी केल्यावर कळ ४ वर परतली. चौदाव्या आठवड्यात २. सातव्या महिन्यात त्या पुन्हा सहा किलोमीटर चालत होत्या. दर आठवड्याला साधारण दहा टक्के एवढंच वाढवत त्या तिथवर पोचल्या. टाचा उचलण्याचा व्यायाम त्या आजही आठवड्यातून दोनदा करतात.

तीन महिने नीट व्यायाम करूनही वहीतला आकडा हलला नाही, तर पुढच्या उपायांसाठी परत तपासणी करून घ्या. रात्री पाऊल सरळ धरून ठेवणारा स्प्लिंट किंवा टाचेवर दाबलहरी सोडण्याचा शॉकवेव्ह उपचार काहींना उपयोगी पडतात. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे चांगला आराम देतं, पण तो आराम सहसा टिकत नाही, आणि वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा किंवा टाचेखालची मऊ गादी झिजण्याचा धोका असतो. ते घेतलंच, तर कळ थांबली म्हणून पुढच्याच आठवड्यात लांब चालायला जाऊ नका.