हातातून गेले ४,४५०, खात्यात आले १,६८०

गेल्या डिसेंबरात अंधेरीच्या ऑफिसातून मला तीन रात्रींसाठी नागपूरला पाठवलं. माझा पहिलाच दौरा. परत आल्यावर १९,५७० रुपयांचा क्लेम टाकला आणि खात्यात आले १,६८०. आठ-नऊ टक्के! मला वाटलं, कुणीतरी शून्य खाल्लं.

अकाउंट्समधल्या मॅडमनी माझा क्लेम पुढ्यात घेऊन पेन्सिलीने दोन उभे रकाने आखले. एकात कंपनीच्या कार्डावरचा खर्च, दुसऱ्यात माझ्या खिशातला. हॉटेलचे १५,१२० कार्डावर होते. टॅक्सीचे १,८५० आणि जेवणाचे २,६००, म्हणजे ४,४५०, मी स्वतः भरले होते. कार्डाचं बिल कंपनी थेट बँकेला भरते, त्यामुळे ते पैसे माझ्याकडे येणारच नव्हते. क्लेममध्ये ते दाखवायचे, ते फक्त हिशोब लागावा म्हणून.

मग ४,४५० तरी पूर्ण का नाहीत? कारण कात्री लागली ती हॉटेलला, पण वसुली झाली माझ्या खिशातल्या रकमेतून. पॉलिसीत खोलीची मर्यादा रात्रीला ४,००० होती, करापूर्वी. माझी खोली ४,८०० ची. तीन रात्रींचे जादा २,४०० आणि त्यावरचा ५ टक्के जीएसटी १२०, एकूण २,५२०. हे कंपनीने बँकेला भरले आणि माझ्याकडून वळते केले. कार्ड स्वाइप झालं म्हणजे खर्च मंजूर झाला, हा माझा समज तिथेच गेला.

उरलेले २५० जेवणाचे. रोजची मर्यादा ७००. चार दिवसांचे २,८०० होतात आणि माझा खर्च त्याहून कमी होता, तरी एका दिवशी ९५० झाले म्हणून वरचे कापले. आदल्या दिवशी वाचलेले पुढे ओढता येत नाहीत. तुमच्याकडे उलट नियम असू शकतो, निघण्याआधी विचारा.

२,५२० मात्र परत मिळाले. त्या आठवड्यात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं, ४,००० च्या आत चांगली खोली मिळतच नव्हती. मी बुकिंगच्या दिवशी काढलेले तीन हॉटेलांच्या दरांचे स्क्रीनशॉट जोडले, साहेबांकडून अपवादाची मंजुरी मेलवर घेतली आणि फरकाचा पुरवणी क्लेम टाकला. पुढच्या पेमेंटमध्ये रक्कम आली. मॅडम म्हणाल्या, "हीच मेल जायच्या आधी असती, तर कापलेच नसते."

एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: कार्डाचं बिल कंपनी भरते की तुम्ही? काही ठिकाणी बिल कर्मचाऱ्याच्या नावावर येतं. तसं असतं, तर माझ्या खात्यात १,६८० नव्हे, १६,८०० आले असते आणि त्यातून बँकेचे १५,१२० मला भरावे लागले असते. तिथे क्लेम रखडला तरी बिलाची तारीख थांबत नाही, आणि उशिराचा दंड बहुधा कर्मचाऱ्याच्याच माथी येतो.