दुसऱ्या शाखेची जाहिरात: आधी जुन्या दुकानाचं सांगा

वह्या-स्टेशनरीच्या दुकानाच्या जाहिरातीत नुसतं "नवीन शाखा सुरू" छापलं की गावात लोकांना वाटतं, जुनं दुकान हललं. म्हणून पहिलीच ओळ अशी लिहा: "बसस्टँडवरचं दुकान चालूच आहे, दुसरी शाखा बाजार रोडवर." विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, उद्घाटनाचा आठवडा त्याच्या आधीचा धरा.

"भव्य सूट" कोणालाच कळत नाही. "२०० पानी वही, डझनावर एक मोफत, रविवारपर्यंत" हे कळतं. ३० रुपयांची वही असेल तर ३६० रुपयांत १३ वह्या जातात, म्हणजे सूट साधारण पावणेआठ टक्के. तुमच्या नफ्यात ती बसते का, हे छापायच्या आधी पाहा.

वेळ दोन्ही दुकानांची वेगळी द्या. दुपारी बंद ठेवत असाल तर तेही लिहा, आणि बाजाराच्या दिवशी दिवसभर चालू ठेवा.