इंट्राडेत दिवसभर हिरवं, महिनाअखेरीस लाल: या चुका टाळा

माझा भाचा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. सोयाबीनचे चुकारे हातात आले तेव्हा त्यातले 40,000 रुपये त्याने ट्रेडिंगच्या खात्यात टाकले आणि महिनाभर इंट्राडे केलं. महिना संपल्यावर फोन आला, "मामा, मोबाईलवर तं रोज हिरवंच दिसत होतं. मंग पैसे कमी काहून झाले?"

त्याचा हिशोब मी कागदावर मांडला. अंदाज चुकल्यामुळे पैसे गेले असते तर सांगायला काही वेगळं नव्हतं. पण त्याचे निम्म्याहून जास्त सौदे बरोबर आले होते आणि तरी पैसे गेले होते.

पहिली चूक: खर्च आपल्या पैशांवर लागतो असं समजणं

इंट्राडे म्हणजे ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी विकून मोकळं होणं. शेअर डिमॅट खात्यात येतच नाही. डिलिव्हरीत पूर्ण पैसे भरून शेअर घेतो, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी तो खात्यात जमा होतो आणि वाटेल तितके दिवस ठेवता येतो. ऑर्डर टाकताना स्क्रीनवर इंट्राडेसाठी बहुधा `MIS` आणि डिलिव्हरीसाठी `CNC` असं दिसतं.

इंट्राडेत ब्रोकर पाचपटीपर्यंत उधारी देतो. म्हणजे 40,000 रुपयांवर 2 लाखांचा सौदा. भाचा तेच करायचा: 500 रुपयांच्या आसपासचा शेअर, 400 नग. आता एका फेरीचा, म्हणजे एकदा घेतल्याचा आणि एकदा विकल्याचा, खर्च बघा. ब्रोकरेज 20 अधिक 20 असे 40 रुपये. विक्रीच्या बाजूला एसटीटी हा सौद्यावरचा सरकारी कर 0.025 टक्के, म्हणजे 50 रुपये. एक्स्चेंजचा आकार दोन्ही बाजूंचा मिळून 12 रुपयांच्या आसपास, खरेदीवर मुद्रांक शुल्क 6 रुपये, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे काही पैसे, आणि ब्रोकरेज व एक्स्चेंजच्या आकारावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साडेनऊ रुपये. एकूण 118.

2 लाखांवर 118 रुपये म्हणजे 0.06 टक्के. कोणालाही वाटेल, हे काहीच नाही. भाच्यालाही तसंच वाटलं. पण हे 118 रुपये 2 लाखांच्या सौद्यावर लागले असले तरी जातात त्याच्या स्वतःच्या 40,000 मधून. तो दिवसाला चार फेऱ्या करायचा, महिन्यात 20 दिवस. 80 फेऱ्यांचे झाले 9,440 रुपये. नफा-तोटा काहीही होवो, भांडवलाचा जवळपास चौथा हिस्सा एका महिन्यात खर्चातच गेला. उधारीने नफा पाचपट होतो हे सगळे सांगतात. खर्चही वाढतो, हे कोणी सांगत नाही.

दुसरी चूक: किती सौदे जिंकले तेच मोजणं

त्याची पद्धत साधी होती. 2 रुपये वर गेलं की विकायचं, 2 रुपये खाली आलं की तोटा घेऊन बाहेर पडायचं. 80 पैकी 44 सौदे जिंकले, 36 हरले. जिंकलेले 8 जास्त, प्रत्येकी 800 रुपये, म्हणजे 6,400 रुपये नफा. मोबाईलवर हिरवं दिसत होतं ते हेच. त्यातून 9,440 खर्च वजा केला की उरतात उणे 3,040.

सेबीने जुलै 2024 मध्ये रोखीच्या बाजारातल्या इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 या वर्षात इंट्राडे करणाऱ्या 71 टक्के व्यक्ती तोट्यात होत्या. वर्षाला 500 पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के निघालं. तोट्यातल्या लोकांचा सौद्यांत जितका तोटा झाला, त्याच्या आणखी 57 टक्के रक्कम त्यांची खर्चात गेली. सवयीने हात सुधारेल म्हणून जास्त सौदे करणारा या आकड्यांत जास्त अडकलेला दिसतो, आणि भाच्याचा वेग बघितला तर वर्षाला 960 फेऱ्या झाल्या असत्या.

म्हणून जिंकलेले सौदे मोजू नका. महिन्याचा खर्चाआधीचा नफा भागिले एकूण फेऱ्या, एवढा एक भागाकार करा. भाच्याचा आला 80 रुपये. फेरीमागे कमाई 80 आणि फेरीमागे खर्च 118. या पद्धतीत जितक्या जास्त फेऱ्या, तितका जास्त तोटा. "उद्या आणखी चार सौदे करून भरून काढतो" हे गणितच उलटं आहे.

तिसरी चूक: छोटं लक्ष्य सुरक्षित मानणं

यावर त्याने काढलेला उपाय असा: "मंग 1 रुपयातच निघतो ना मामा, कमी लालूच." इथे बहुतेक जण फसतात. लक्ष्य निम्मं झालं तरी खर्च 118 चाच राहतो. शिवाय घेताना जो भाव दिसतो त्यापेक्षा पाच पैसे वर मिळतो आणि विकताना पाच पैसे खाली. ते कुठल्याही पावतीवर येत नाही, पण 400 नगांवर 40 रुपये होतात. म्हणजे फेरीला 158.

आता 1 रुपयाचं लक्ष्य आणि 1 रुपयाचा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायची ठरवलेली हद्द, धरा. जिंकलं तर 400 मधून 158 जाऊन हाती 242. हरलं तर 400 अधिक 158, म्हणजे 558 गेले. नुसतं बरोबरीत राहायला 100 पैकी 70 सौदे बरोबर यायला हवेत. 2 रुपये ठेवले तर 60 लागतात. लक्ष्य मोठं केलं की हा आकडा 50 कडे सरकतो, पण मग दुसरी अडचण येते. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. एवढ्या वेळात शेअर किती हलणार, त्याला मर्यादा आहे. मोठं लक्ष्य गाठायच्या आतच दिवस संपतो आणि मधल्याच कुठल्यातरी भावात बाहेर पडावं लागतं. खर्च ठरलेला आणि हालचालीला वेळेचं कुंपण, इंट्राडेची खरी अडचण ही आहे.

डिलिव्हरीत हे कुंपण नसतं. खरं तर एका फेरीचा दर बघितला तर डिलिव्हरीच महाग आहे, कारण एसटीटी 0.1 टक्का आणि तोही दोन्ही बाजूंना. त्याच 40,000 चे 80 शेअर घेऊन विकले, तर ब्रोकरेज शून्य धरूनही एसटीटीचे 80, मुद्रांक शुल्काचे 6, विकताना डिमॅट खात्यातून शेअर काढायचे डीपी चार्जेस आणि बाकी किरकोळ मिळून 105 रुपयांच्या आसपास जातात. पण ही फेरी वर्षातून दोनचारदा होते. शेअर काही आठवड्यांत 500 चा 525 झाला तर 2,000 मधले 105 गेले. खालीही येऊ शकतो, तेव्हा तोटा होणारच. पण तो शेअर पडल्याचा तोटा असेल, खर्चाने केलेला नसेल. पेरणीला लागणारा पैसा मात्र यातही घालू नये. जूनमध्ये बियाणं घ्यायचं असताना शेअर पडलेला असेल तर तोट्यात विकावं लागतं.

चौथी चूक: इंट्राडेचा तोटा डिलिव्हरीत ढकलणं

तीन वाजत आले, सौदा तोट्यात आहे, मग मनात येतं: "राहू द्या, उद्या वर येईल." ब्रोकरच्या ॲपमध्ये इंट्राडेचं डिलिव्हरीत रूपांतर करायची सोय असते, पण त्यासाठी उधारीचा भाग भरावा लागतो. 2 लाखांच्या सौद्याला उरलेले 1,60,000 आणायचे कुठून? नाही भरले तर ब्रोकर साडेतीनच्या आधी सौदा स्वतःच कापतो, आणि बरेच ब्रोकर त्याचे प्रत्येक ऑर्डरमागे 50 रुपये व वर जीएसटी लावतात. काही जण थोडे शेअर रूपांतरित करून ठेवतात. मग जो शेअर दोन तासांसाठी घेतला होता तो वर्षभर खात्यात पडून राहतो. शेअर ठेवायचा आहे की नाही, हे घेण्याआधीच ठरलेलं हवं.

आधी विकून मग घेण्याचा, म्हणजे शॉर्टचा सौदा असेल तर आणखी जपा. शेअरला वरचं सर्किट लागलं, म्हणजे भाव त्या दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकला, तर परत द्यायला कोणी विकणाराच सापडत नाही. सौदा लिलावात जातो आणि तिथला भाव आपल्या हातात नसतो.

पाचवी चूक: स्टॉपलॉस डोक्यात ठेवणं

ही चूक शहरापेक्षा आपल्याकडे जास्त महाग पडते. रात्रपाळीची लाईन म्हणून रात्रभर हरभऱ्याला पाणी द्यायचं, आणि सकाळी सव्वानऊला धुऱ्यावर बसून मोबाईल उघडायचा. डोळ्यांवर झोप, टॉवर दूर, घरची लाईन गेली की वायफायही गेलं. भाच्याचा सगळ्यात मोठा तोटा असाच झाला. 2 रुपयांवर बाहेर पडायचं ठरवलेलं होतं, पण रेंज आली तेव्हा शेअर 7 रुपये खाली होता. 400 नगांचे 2,800 गेले. (वरच्या हिशोबात हा सौदा धरलेला नाही. तो पुढच्या महिन्यातला.) सौदा होताच स्टॉपलॉसची ऑर्डर टाकून ठेवली तर ती एक्स्चेंजकडे उभी राहते, आपला मोबाईल बंद पडला तरी. भावाने एकदम खाली उडी मारली तर तीही ठरल्या भावाला लागत नाही, पण रेंज गेल्यामुळे होणारा तोटा तरी वाचतो.

हिशोब कुठे सापडतो

बाजार समितीत माल विकल्यावर हमाली-तोलाई वजा केलेली पट्टी आपण ओळीओळीने वाचतो. इथली पट्टी म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट. सौदा केलेल्या दिवशी ती ईमेलवर येते, आणि भाच्याने महिनाभरात एकही उघडली नव्हती. ॲपमध्ये सौदा चालू असताना दिसणारा हिरवा आकडा बहुधा खर्चाआधीचा असतो. कॉन्ट्रॅक्ट नोटच्या तळाशी खर्च कापून उरलेली निव्वळ रक्कम असते. दोन्हींतला फरक रोज वहीत लिहिला तर पहिल्या आठवड्यातच कळतं.

एक गोष्ट त्याला मार्चनंतर कळली. आयकरात इंट्राडेचा तोटा सट्ट्याचा धरतात. तो डिलिव्हरीच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त इंट्राडेच्याच नफ्यातून होतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तरच पुढची चार वर्षं ओढता येतो. भाच्याने दुसऱ्या एका शेअरमध्ये डिलिव्हरीत थोडा नफा कमावला होता. तालुक्याच्या सीएने त्यावरचा कर वेगळा काढला, तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हंजे हरलो तेबी माह्यंच, न् जिंकलो त्यावर टॅक्स?"

इंट्राडे आता बंद आहे. वही मात्र चालू आहे, आणि त्यात सध्या डिलिव्हरीचे तीन शेअर आहेत.